सल्ल्याची नोंद आणि संभाषणाचा साठा

तालुक्याच्या गावातील दोन खोल्यांच्या दवाखान्याचे सारे दप्तर आजवर एका कपाटात मावत असे. त्यात रुग्णांचे केसपेपर असत, एक जाडजूड नोंदवही असे आणि क्वचित रक्त-लघवी तपासणीचे अहवाल टोचलेली एखादी फाइल असे. कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे किंवा त्यांच्या कंपाउंडरकडे राही. गेल्या काही वर्षांत या कपाटाच्या जोडीला आणखी एक दप्तर उभे राहिले आहे. ते कोणी ठरवून उभारलेले नाही, त्याला अनुक्रमांक नाहीत आणि त्याची किल्ली नेमकी कोणाकडे आहे हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. हे दप्तर म्हणजे त्यांच्या मोबाइलमधील व्हॉट्सॲपवर साठलेली रुग्णांची संभाषणे. रात्री विचारलेली शंका, पुरळाचे छायाचित्र, गोळीच्या पाकिटाचा फोटो आणि त्याखाली डॉक्टरांनी घाईने लिहिलेले ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ हे सारे तेथे जमा होत असते. वैद्यकीय सल्ला तेथे दिला जातो हे उघड आहे. मग ती वैद्यकीय नोंद आहे काय, असल्यास ती कोठे व किती काळ ठेवावी, आणि रुग्णाच्या गुप्ततेचे काय, हे प्रश्न मात्र बहुतेक दवाखान्यांत अजून विचारलेच गेलेले नाहीत.

कायद्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर २०२० सालीच देऊन टाकले. तोपर्यंत दुरून दिलेल्या सल्ल्याचे स्थान संदिग्ध होते. रत्नागिरीतील एका प्रसूत महिलेच्या मृत्यूच्या प्रकरणात, रुग्णास प्रत्यक्ष न पाहता दूरध्वनीवरून उपचार सांगितल्याचा ठपका असलेल्या डॉक्टरांना मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा राज्यातील वैद्यकवर्गात खळबळ उडाली होती. पुढे २५ मार्च २०२० रोजी, देशभराची टाळेबंदी ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ती डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांना जोडण्यात आली. फोन, चित्रसंभाषण, ई-पत्र आणि लिखित संदेश या सर्व मार्गांनी सल्ला देण्यास त्यांनी मान्यता दिली. मात्र मान्यतेबरोबर जबाबदारीही आली. अशा प्रत्येक सल्लामसलतीची नोंद, त्यात लिखित संदेशही आले, तसेच सल्ला देताना वापरलेले अहवाल व छायाचित्रे डॉक्टरांनी जपून ठेवली पाहिजेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. किती काळ जपावे? ‘वेळोवेळी विहित होईल तितका काळ’, एवढेच त्यात आहे.

या जबाबदारीचा सोयीस्कर अर्थ असा लावला गेला की, संदेश फोनमध्ये पडून आहेतच, तेव्हा नोंद आपोआप होत आहे. हा समज चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे हे एका साध्या उदाहरणावरून दिसून येईल.

समजा, तीन वर्षांच्या मुलाला रात्री ताप आला. वजन १२ किलो. आईने पावणेदहाला संदेश पाठवला, डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले. मूल पाणी पिते आहे, लघवी होते आहे, अंगावर पुरळ नाही, झटके नाहीत. पॅरासिटामॉलचे पातळ औषध घरात आहे, असे आईने सांगितले व बाटलीचे छायाचित्र पाठवले. पॅरासिटामॉल हे अशा सल्ल्यात सुचवण्याची मुभा असलेल्या साध्या औषधांपैकीच आहे. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोस एका वेळी जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला १८० मिलिग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या एका प्रकारच्या औषधात दर ५ मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम असतात, त्या हिशेबाने साडेसात मिलिलिटर होतात. डॉक्टरांनी लिहिले, ‘साडेसात मिली द्या, सहा तासांनी ताप असेल तर पुन्हा.’ उत्तर बिनचूक आहे.

आता चार महिन्यांनी त्याच मुलाला पुन्हा ताप येतो. आई फोनमध्ये मागे जाऊन ‘साडेसात मिली’ हे शब्द शोधून काढते. या वेळी घरात आलेली बाटली मात्र दुसऱ्या ताकदीची आहे, तिच्यात ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम आहेत. साडेसात मिलिलिटरमध्ये आता ३७५ मिलिग्रॅम जातात, म्हणजे दर किलोस ३१ मिलिग्रॅमहून अधिक, योग्य मात्रेच्या दुप्पट. या बाटलीतून द्यायला हवे होते साडेतीन मिलिलिटरच्या आसपास. एका वेळच्या दुप्पट मात्रेने बहुधा काही होणार नाही. दोन दिवस दर सहा तासांनी तेच चालले तर लहान मुलाच्या यकृतावर ते बेतू शकते. आणि मग प्रश्न उभा राहतो की, डॉक्टरांनी सांगितले तरी काय होते? संदेशात आकडा आहे, पण तो कोणत्या बाटलीसाठी होता हे सांगणारे छायाचित्र एव्हाना आईच्या फोनमधून जागा करण्यासाठी पुसले गेले आहे. डॉक्टरांनी मध्यंतरी फोन बदलला असेल आणि जुन्या संभाषणांची प्रत घेतलेली नसेल, तर त्यांच्याकडे तो आकडासुद्धा नाही.

नोंद आणि संभाषण यांतील भेद नेमका येथे आहे. संभाषणातील वाक्याचा अर्थ त्याच्या आगेमागे असलेल्या वाक्यांवर, चित्रांवर, दोन माणसांना त्या क्षणी ठाऊक असलेल्या गोष्टींवर अवलंबून असतो. नोंद ही तिसऱ्या माणसाला, कित्येक दिवसांनी, एकटी वाचूनही कळली पाहिजे. त्या रात्रीची नोंद केसपेपरवर अशी असायला हवी होती: तारीख व वेळ, आईने संदेशाद्वारे विचारले, वय ३ वर्षे, वजन १२ किलो आईने सांगितलेले, ताप एक दिवस, धोक्याची लक्षणे नाहीत असे आईचे म्हणणे, रुग्ण पाहिलेला नाही, पॅरासिटामॉल १२० मिलिग्रॅम/५ मिलिलिटर, साडेसात मिलिलिटर, सहा तासांच्या अंतराने, दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा नाही, उद्या सकाळी ताप असल्यास दाखवावे. या पाच-सहा ओळी लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. ‘रुग्ण पाहिलेला नाही’ हे तीन शब्द त्यांत सर्वांत महत्त्वाचे आहेत. सल्ला कोणत्या मर्यादेत दिला गेला हे तेच सांगतात. आणि औषधाची ताकद आईला पाठवलेल्या संदेशातही लिहिलेली असती तर चार महिन्यांनंतरचा घोटाळाही टळला असता.

शिवाय व्हॉट्सॲपवरील मजकूर हा कागदासारखा स्थिर नसतो. पाठवलेले वाक्य पंधरा मिनिटांच्या आत बदलता येते आणि सुमारे दोन दिवसांपर्यंत ते दोन्ही बाजूंच्या फोनमधून पुसता येते. संदेश ठराविक दिवसांनी आपोआप नाहीसे व्हावेत अशी सोय त्यात आहे, आणि ती दोघांपैकी कोणीही एकाने सुरू केली तरी दोघांनाही लागू होते. म्हणजे डॉक्टरांचे दप्तर किती काळ टिकावे हे रुग्णाच्या घरातील एखादा हौशी मुलगाही ठरवू शकतो. ज्या वहीची पाने समोरच्याला फाडता येतात तिला दप्तर म्हणणे धाडसाचे आहे.

येथवर प्रश्न केवळ नोंद अपुरी असण्याचा होता. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, ती नोंद गरजेपेक्षा फार अधिक असण्याची. मुलाच्या तापाविषयी डॉक्टरांना जेवढे हवे होते तेवढे वर सांगितलेल्या ओळींत आले. फोनमध्ये मात्र त्याखेरीज बरेच काही राहिले आहे. आईच्या नावाचे संभाषण उघडले की, वर सासऱ्यांच्या साखरेचा अहवाल आहे, त्याच्याही वर तिने स्वतःसाठी, भीत भीत, पाळी चुकल्याबद्दल विचारलेला प्रश्न आहे आणि नणंदेच्या अंगावरील चट्ट्याचे छायाचित्र आहे. केसपेपर माणसाच्या नावाने निघतो, संभाषण मात्र फोनच्या क्रमांकाने साठते. ज्या घरात एकच फोन आहे त्या घरातील चौघांचे आजार एका धाग्यात ओवले जातात, आणि तो धागा ज्याच्या हाती फोन असेल त्याला वाचता येतो.

हा धोका काल्पनिक नाही, आपल्या कुटुंबांच्या रचनेतच तो आहे. दवाखान्यात आलेली सून डॉक्टरांशी दार लोटून बोलू शकते. तिने नवऱ्याच्या फोनवरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नवऱ्याच्या फोनवरच जाणार आणि ती मागच्या खोलीत असताना पुढच्या खोलीत वाचले जाणार. गर्भपाताच्या बाबतीत स्त्रीचे नाव व तपशील अधिकृत व्यक्तीखेरीज कोणालाही उघड करण्यास २०२१ च्या दुरुस्तीने मनाई केली आहे व त्यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. एचआयव्हीसंबंधीचा २०१७ चा कायदा रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करू देत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कपाटातील कागद किंवा बोलघेवडा कर्मचारी होता. पण सामाईक फोनवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने पाठवलेले ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे’ हे वाक्य तितकेच उघडे असते. म्हणून संवेदनशील विषय निघताच ‘हा फोन कोणाचा आहे?’ हा पहिला प्रश्न हवा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ‘उद्या दवाखान्यात या’ यापलीकडे एकही शब्द लिहू नये. काही सल्ले नोंदण्यापूर्वीच थांबवायचे असतात.

डॉक्टरांच्या बाजूला गळती अधिक निमूटपणे होते. संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही, ही व्हॉट्सॲपची ग्वाही खरी आहे. पण ती वाटेपुरती आहे. छायाचित्र पोचले की, बहुसंख्य फोनांत ते आपोआप इतर छायाचित्रांच्या संग्रहात जाऊन बसते, आणि तो संग्रह इंटरनेटवरील खात्याशी जोडलेला असेल तर तेथेही त्याची प्रत जाते. त्याच खात्याशी घरातील टॅबलेट जोडलेला असतो. एका रुग्णाच्या कंबरेवरील नागिणीचे छायाचित्र अशा रीतीने डॉक्टरांच्या मुलीच्या वाढदिवसाच्या छायाचित्रांशेजारी येऊन पडते. संभाषणांची प्रत रोज रात्री साठवण्याची सोय चालू असते, पण ती प्रत कुलूपबंद करण्याची वेगळी सोय, जी २०२१ पासून उपलब्ध आहे, ती बहुतेकांनी चालू केलेली नसते. दवाखान्याच्या संगणकावर तेच खाते उघडलेले असते आणि कंपाउंडर दुपारी त्यावर औषध कंपन्यांची बिले पाहतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. कपाटाला कुलूप लावणारा डॉक्टर फोनच्या बाबतीत निष्काळजी असतो तो केवळ फोन हे त्याला दप्तर वाटत नाही म्हणून.

आचारसंहितेचा जुना नियम असा की, व्यवसायाच्या ओघात कळलेले रुग्णाचे गुपित न्यायालयाचा आदेश, इतरांना गंभीर धोका किंवा कळवणे बंधनकारक असलेला रोग, या कारणांखेरीज उघड करता येत नाही. त्यात आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाची भर पडली आहे. कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने अमलात येण्यास त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. अडीचशे कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाचा आकडा वर्तमानपत्रांतून गाजला. दोन खोल्यांच्या दवाखान्याला त्याचा धाक वाटण्याचे कारण नाही आणि वाटतही नाही, कारण इतका मोठा दंड लहान माणसाला खरा वाटत नसतो. त्या कायद्यातील कामाची गोष्ट दुसरीच आहे. माहिती ज्या हेतूसाठी दिली त्याच हेतूसाठी वापरावी, तिची वाजवी सुरक्षितता राखावी, ती फुटली तर संबंधित रुग्णाला कळवावे, आणि हेतू संपल्यावर, अन्य कायद्याने ठेवणे आवश्यक नसेल तर, ती पुसून टाकावी.

येथे दोन आज्ञा समोरासमोर येतात. एक म्हणते जपा, दुसरी म्हणते पुसा. अनेक डॉक्टरांनी यातून काढलेला मार्ग म्हणजे काहीच न पुसणे. उद्या कोणी ग्राहक आयोगात गेले तर आपल्याजवळ सर्व काही असावे, हा त्यामागील विचार आहे, आणि तो अगदीच गैरलागू नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवल्यापासून कागद हाच डॉक्टरांचा पहिला साक्षीदार झाला आहे. तक्रार साधारणतः घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते. आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे ठेवण्याचा आचारसंहितेचा नियम आहे. बाह्यरुग्णांसाठी त्यात मुदत सांगितलेली नाही, पण त्यांच्याकरिताही तीन वर्षे हेच माप धरणे शहाणपणाचे ठरेल. मात्र जपायचे ते काय, याचे उत्तर ‘सारे’ असे असू शकत नाही. सल्ल्याशी संबंधित प्रश्नोत्तरे आणि ज्या छायाचित्रावर वा अहवालावर सल्ला बेतला तेवढेच, असे मार्गदर्शक तत्त्वांचेही शब्द आहेत. सणाच्या शुभेच्छा, शेजारणीची चौकशी, अस्पष्ट आल्यामुळे पुन्हा मागवलेली चार छायाचित्रे यांना तीन वर्षे सांभाळण्याचे बंधन कोणीही घातलेले नाही.

साठवणुकीला खर्च येत नाही म्हणून सारे साठवले जाते, हे यामागचे साधे अर्थकारण आहे. कपाट भरले की, जुने कागद काढावेच लागत, जागेची किंमत हीच शिस्त होती. फोनमध्ये जागा जवळजवळ फुकट आहे, आणि माहिती फुटल्यास होणारे नुकसान डॉक्टरांच्या खिशातून जात नाही, ते रुग्णाच्या संसारातून जाते. ज्याला किंमत मोजावी लागत नाही त्याने काटकसर करावी अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. त्यासाठी ठरीव दिवस व ठरीव रीत लागते. रोज दवाखाना बंद करताना त्या दिवशीचे सल्ले केसपेपरवर, प्रत्येकाच्या स्वतंत्र केसपेपरवर, उतरवावेत. सल्ल्यापुरता संभाषणाचा भाग व आवश्यक छायाचित्र दवाखान्याच्या संगणकावर, संकेतशब्दाने बंद केलेल्या जागी, केसपेपरच्या क्रमांकाने ठेवावे. मगच फोनमधील संभाषण रिकामे करावे, आणि छायाचित्रांच्या संग्रहातूनही ते काढावे, कारण एकीकडे पुसलेले दुसरीकडे शिल्लक राहते. काही वाद उद्भवण्याची चिन्हे असलेले प्रकरण असेल तर त्याचे मूळ संभाषण फोनमध्ये तसेच राहू द्यावे. न्यायालयात मूळ साधनालाच महत्त्व असते, आणि वादाचा वास आल्यावर पुसलेली गोष्ट संशयाला कारण होते.

यावर डॉक्टरांचा रास्त आक्षेप वेळेचा आहे. दिवसाला पंधरा संदेश आले तर दोन मिनिटांप्रमाणे अर्धा तास जातो, आणि या पंधरापैकी बहुधा एकाचेही शुल्क मिळालेले नसते. येथेच खरी मेख आहे. फुकट सल्ल्याची नोंद होत नाही, कारण दोन्ही बाजूंना तो सल्ला वाटतच नाही, ‘सहज विचारले’ असे वाटते. मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र अशा सल्ल्याला योग्य शुल्क घेण्याची मुभा दिली आहे आणि पावती देण्यास सांगितले आहे. पन्नास रुपये का होईना, शुल्क आकारले की, पावतीचा क्रमांक येतो, त्याबरोबर रुग्णाचे नाव, वय येते आणि नोंद आपोआप रुळावर येते. गरीब रुग्णाला हा भुर्दंड होईल असे म्हटले जाईल. ज्याला माफ करायचे त्याला माफ करावे, पण पावती शून्य रुपयांची का असेना, फाडावी. शुल्क नको असेल तर दुसरा पर्याय संदेशांची वेळ ठरवून देण्याचा आहे, आणि त्याबाहेरील तातडीच्या प्रश्नाला फोनच करावयास सांगण्याचा.

रुग्णाच्या हक्काचाही एक भाग यात आहे. आपल्या नोंदी मागितल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन आचारसंहितेत पूर्वीपासून आहे. ती मागणी सासूने सुनेच्या नोंदींसाठी केली तर? केसपेपर वेगळा असेल तर नकार देणे सोपे असते. सारे एकाच संभाषणात असेल तर एकीला देताना दुसरीचे जाते.

सर्वांत कमी विचार झाला आहे तो दवाखाना बंद होण्याचा. डॉक्टर निवृत्त होतात, क्वचित अकाली जातात. कपाटातील केसपेपर नव्या डॉक्टरकडे सोपवता येतात किंवा मुदत संपल्यावर फाडता येतात. फोन मात्र घरातील कोणी तरी वापरू लागतो किंवा तो दुरुस्तीच्या दुकानात विकला जातो. क्रमांक बंद केला तर तो किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२३ मध्ये दूरसंचार नियामकाने तसे सांगितले आणि आधीच्या ग्राहकाने आपली माहिती स्वतःच पुसावी, असे न्यायालयाने म्हटले. जुने संदेश नव्या ग्राहकाला दिसत नाहीत हे खरे, परंतु वर्षानुवर्षे तो क्रमांक ‘डॉक्टर’ म्हणून जतन केलेल्या शेकडो घरांतून नवे संदेश त्याच्याकडे येत राहतात. रात्री पावणेदहाला एखादी आई मुलाच्या तापाविषयी लिहिते, सोबत बाटलीचे छायाचित्र धाडते आणि पलीकडे कोण आहे हे तिला ठाऊक नसते. दवाखाना सोडताना क्रमांक लगेच बंद न करता काही महिने चालू ठेवावा, तेवढ्या काळात प्रत्येक संभाषणात दवाखाना बंद झाल्याचा व केसपेपर कोठे मिळतील याचा संदेश पाठवावा, खाते रीतसर रद्द करावे आणि मगच फोन हातावेगळा करावा.